आत्मसन्मान एक की दोन? दहा विधानांचा पेच

मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधल्या ५,०२४ किशोरवयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्या अभ्यासातून आत्मसन्मान मोजण्याची दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली पुढे आली. पाच विधानं स्वतःबद्दल चांगलं बोलणारी, पाच वाईट बोलणारी. प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतचे चार पर्याय. वाईट बोलणाऱ्या विधानांचे गुण उलटे मोजायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. आज मानसशास्त्रातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांत तिची गणना होते.

रोझेनबर्गच्या मते ही दहा विधानं एकच गोष्ट मोजत होती, म्हणून त्यांची एकच बेरीज. पुढच्या संशोधकांनी मात्र उत्तरांचं ‘घटक विश्लेषण’ केलं तेव्हा काहींना एक घटक सापडला, तर अनेकांना दोन. प्रश्नावली तीच, संगणकातली गणितं तीच, आणि निष्कर्ष वेगळे. याचा थोडा भाग लोकांच्या फरकामुळे आला, पण मोठा भाग संशोधकांनी वाटेत घेतलेल्या निर्णयांमुळे. असे निर्णय नवी प्रश्नावली तयार करणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधात घ्यावे लागतात. त्यातले दोन सर्वांत वजनदार: घटक किती मानायचे, आणि ते कोणत्या दिशेने पाहायचे.

सहसंबंधांचा तक्ता

घटक विश्लेषणाचा कच्चा माल म्हणजे सहसंबंधांचा तक्ता. पहिल्या विधानाला जास्त गुण देणारे लोक दुसऱ्यालाही जास्त देतात का, हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध. तो ० असला तर दोन उत्तरांचा एकमेकांशी सरळ संबंध नाही, आणि १ असला तर दोन्ही पूर्णपणे बरोबर चालतात. दहा विधानांच्या पंचेचाळीस जोड्या होतात, म्हणून पंचेचाळीस आकडे. हे सगळे आकडे पडद्याआडच्या मोजक्याच कारणांमुळे आले असतील का, असा प्रश्न घटक विश्लेषण विचारतं. ती कारणं म्हणजे ‘घटक’ किंवा फॅक्टर. एखादं विधान त्या घटकाशी किती घट्ट बांधलेलं आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे लोडिंग.

समजण्यासाठी एक काल्पनिक पण नीटस तक्ता घेऊ. रोझेनबर्गच्या प्रश्नावलीसारखीच दहा विधानं आहेत, पाच होकारार्थी आणि पाच नकारार्थी. नकारार्थी विधानांचे गुण उलटवून झाले आहेत. एकाच गटातल्या कोणत्याही दोन विधानांचा सहसंबंध ०.५ आहे, आणि वेगवेगळ्या गटांतल्या दोन विधानांचा ०.३. खऱ्या माहितीत आकडे इतके सरळ नसतात, पण यात सगळा पेच स्पष्ट दिसतो. दहाही विधानं एकमेकांशी जोडलेली आहेत, म्हणून एकच घटक म्हणता येईल. पण गटाच्या आतले धागे बाहेरच्यांपेक्षा घट्ट आहेत, म्हणून दोनही म्हणता येतील.

किती घटक?

संगणक या तक्त्यातून आधी ‘आयगेनव्हॅल्यू’ नावाचे आकडे काढतो. माहितीतल्या एकूण फरकांपैकी किती वाटा एका दिशेत सामावतो, हे प्रत्येक आकडा सांगतो. विधानं दहा, म्हणून या आकड्यांची बेरीजही दहा. आपल्या तक्त्यात पहिला आकडा ४.५, दुसरा १.५ आणि उरलेले आठ प्रत्येकी ०.५ येतात.

सर्वांत लोकप्रिय नियम हेन्री कैसर यांच्या १९६० च्या लेखाशी जोडलेला आहे: आयगेनव्हॅल्यू १ पेक्षा मोठी असेल तेवढे घटक ठेवा. तर्क साधा आहे. प्रत्येक विधान बेरजेत १ ची भर घालतं, मग जो घटक एका विधानाइतकंही सांगत नाही, तो कशाला ठेवायचा? एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये आपण काहीच बदललं नाही तर हाच नियम लागू होतो, आणि त्यामुळेच तो हजारो शोधनिबंधांत पोचला.

आपल्या तक्त्यात हा नियम ‘दोन घटक’ म्हणतो. आता दोन गटांमधला सहसंबंध ०.३ ऐवजी ०.३९ करा. दुसरी आयगेनव्हॅल्यू १.०५ होते, म्हणजे अजूनही दोन. तोच ०.४१ करा, ती ०.९५ होते, आणि घटक उरतो एक. ०.३९ आणि ०.४१ मधला फरक काहीशे लोकांच्या नमुन्यात निव्वळ योगायोगानेही पडतो. म्हणजे आत्मसन्मान एक की दोन, याचा निकाल या नियमाच्या हाती दिला, तर तो कोणत्या वर्गातल्या मुलांनी फॉर्म भरले यावर ठरू शकतो.

विधानं जास्त असली की चूक उलट्या दिशेने होते. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली चाळीस विधानं घ्या आणि दोनशे लोकांची उत्तरं संगणकाने निव्वळ यादृच्छिकपणे भरली आहेत असं समजा. तिथे घटक एकही नाही. तरीही पंधराहून अधिक आयगेनव्हॅल्यू १ च्या वर जातात, कारण मर्यादित नमुन्यात काही सहसंबंध आपोआप उगवतात. कैसरचा नियम अशा योगायोगांनाही घटक म्हणून दाखला देतो.

यावर उपाय जॉन हॉर्न यांनी १९६५ मध्येच सुचवला होता. त्याला ‘पॅरलल अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. आपल्याकडे जितकी माणसं आणि जितकी विधानं आहेत, तितक्याच आकाराची निरर्थक माहिती संगणकाकडून शेकडो वेळा तयार करून घ्यायची आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू काढायच्या. आपली पहिली आयगेनव्हॅल्यू निरर्थक माहितीतल्या पहिलीपेक्षा मोठी आहे का? दुसरी दुसरीपेक्षा? जिथे आपला आकडा मागे पडेल, तिथे थांबायचं. दहा विधानं आणि तीनशे माणसं असतील, तर निरर्थक माहितीतले पहिले दोन आकडे साधारण १.३ आणि १.२ च्या आसपास येतात. आपले ४.५ आणि १.५ दोन्ही पुढे आहेत, म्हणून दोन घटक टिकतात. गटांमधला सहसंबंध ०.३९ असलेल्या तक्त्यात मात्र दुसरा आकडा १.०५, म्हणजे १.२ च्या खाली. कैसरचा नियम जिथे ‘दोन’ म्हणतो, तिथे ही पद्धत ‘एक’ म्हणते.

पण हीसुद्धा अंतिम न्यायाधीश नाही. दोन घटक खरोखर वेगळे असले तरी एकमेकांशी फार जवळून जोडलेले असतील, तर पॅरलल अ‍ॅनालिसिस त्यांना एकच समजू शकतं. म्हणून जाणकार संशोधक तिच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहतात. एक म्हणजे रेमंड कॅटेल यांनी १९६६ मध्ये सुचवलेला आलेख. आयगेनव्हॅल्यू उतरत्या क्रमाने मांडायच्या आणि घसरण कुठे थांबून रेषा सपाट होते ते बघायचं. खऱ्या माहितीत हे वळण बरेचदा धूसर असतं आणि दोन माणसांना दोन ठिकाणी दिसतं, म्हणून तो एकटा पुरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे: कमी घटक मानल्यावर तक्त्यातलं काय सांगायचं राहून जातं? आपल्या पहिल्या तक्त्यावर एकच घटक बसवला, तर तो प्रत्येक जोडीसाठी साधारण ०.३९ इतका सहसंबंध सांगतो. प्रत्यक्षात गटाच्या आत ०.५ आहे, म्हणजे ०.११ ने जास्त. गटांच्या मध्ये ०.३ आहे, म्हणजे ०.०९ ने कमी. उरलेले फरक विखुरलेले नाहीत, त्यांना शिस्त आहे. अशी शिस्त दिसली की एका घटकाने काम भागत नाही हे कळतं. तो दुसरा घटक नक्की काय आहे, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक राहतो.

अक्ष कुठे ठेवायचे?

दोन घटक ठरवले की दुसरा निर्णय येतो. संगणकाने पहिल्यांदा दिलेलं उत्तर वाचायला अवघड असतं. आपल्या तक्त्यात दहाही विधानांचं पहिल्या घटकावरचं लोडिंग ०.६३ येतं. दुसऱ्यावर होकारार्थी विधानांचं अधिक ०.३२ आणि नकारार्थी विधानांचं उणे ०.३२. हे चूक नाही, पण यावरून घटकांना नाव देणं कठीण आहे. म्हणून ‘रोटेशन’ करतात.

एखाद्या गावात घरं कुठे आहेत ते ठरलेलंच असतं, पण पत्ता सांगताना आपण कोणते दोन रस्ते आधाराला घेतो यावर पत्ता सोपा किंवा किचकट होतो. रोटेशनमध्ये घरं हलत नाहीत, आधाराचे रस्ते बदलतात. दोन घटकांनी मिळून तक्ता जितका समजावला होता, तितकाच रोटेशननंतरही समजावलेला राहतो. घटकांची संख्या चुकली असेल, तर कोणतंही रोटेशन ती चूक दुरुस्त करू शकत नाही. आणि घटक एकच असेल, तर फिरवण्यासारखं काही नसतंच.

प्रश्न हा की नवे अक्ष काटकोनातच ठेवायचे, की तिरपे असू द्यायचे? काटकोनातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत म्हणजे ‘व्हॅरिमॅक्स’. तीही कैसर यांचीच, १९५८ ची. काटकोन म्हणजे दोन घटकांमध्ये काहीही सहसंबंध नाही असं आधीच गृहीत धरणं. ‘ओब्लिमिन’ किंवा ‘प्रोमॅक्स’सारख्या तिरप्या पद्धती हे गृहीत धरत नाहीत. घटकांमध्ये सहसंबंध असेल तर त्या तो मोजून दाखवतात.

आपला तक्ता दोन्ही पद्धतींनी फिरवून पाहू. व्हॅरिमॅक्समध्ये प्रत्येक विधानाचं आपल्या घटकावरचं लोडिंग ०.६७ आणि दुसऱ्या घटकावरचं ०.२२ येतं. तिरप्या पद्धतीत आपल्या घटकावर ०.७१, दुसऱ्यावर ०, आणि दोन घटकांमधला सहसंबंध ०.६. दोन्ही उत्तरं त्याच तक्त्याची आहेत आणि गणिताने दोन्ही बरोबर आहेत. पण वाचकाला मिळणारा अर्थ वेगळा आहे. पहिलं सांगतं की दोन स्वतंत्र गुण आहेत आणि प्रत्येक विधान थोडं दुसऱ्यातही डोकावतं. दुसरं सांगतं की विधानं स्वच्छपणे दोन गटांत आहेत, पण ते दोन गुण एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत. मानवी स्वभावाचे दोन पैलू पूर्णपणे स्वतंत्र असणं दुर्मीळ आहे, म्हणून दुसरी मांडणी बहुधा सत्याच्या जवळ असते. शिवाय घटक खरोखर स्वतंत्र असतील, तर तिरपी पद्धत शून्याच्या जवळचा सहसंबंध दाखवेल आणि आपलं काही बिघडणार नाही. काटकोनाची पद्धत मात्र असलेला संबंध लपवते.

हा फरक केवळ मांडणीचा राहत नाही, त्यामुळे विधानं कापली जातात. समजा दोन गटांमधला सहसंबंध ०.४ आहे. आता व्हॅरिमॅक्समध्ये आपल्या घटकावर ०.६३ आणि दुसऱ्यावर ०.३२ लोडिंग येतं. ‘दुसऱ्या घटकावर ०.३० पेक्षा जास्त लोडिंग असलेलं विधान वगळावं’ असा नियम लावणारा संशोधक इथे निर्दोष विधानांवर लाल रेघ मारेल. प्रत्यक्ष माहितीत दहांपैकी दोनतीन विधानं ही सीमा ओलांडतील आणि ‘दोन्हीकडे झुकतात’ म्हणून जातील. तिरप्या पद्धतीत त्याच विधानांचं दुसऱ्या घटकावरचं लोडिंग शून्याच्या आसपास असतं. म्हणून शोधनिबंधात ‘चार विधानं वगळली’ असं वाचलं, की रोटेशन कोणतं होतं ते आधी पाहावं.

दुसरा घटक खरा आहे का?

पुन्हा रोझेनबर्गकडे येऊ. ज्यांना दोन घटक सापडले, त्यांच्याकडे बहुतेक वेळा एकात सगळी होकारार्थी विधानं गोळा झाली आणि दुसऱ्यात सगळी नकारार्थी. मग पहिल्याला ‘स्वतःविषयी विश्वास’ आणि दुसऱ्याला ‘स्वतःला कमी लेखणं’ अशी नावं देण्याचा मोह होतो. पण विभागणी नेमकी वाक्याच्या रचनेवर झाली, तर ती माणसाच्या मनातली की कागदावरच्या वाक्यातली, अशी शंका घ्यायलाच हवी. काही जण कोणत्याही विधानाला सहज होकार देतात. काही जण घाईत ‘नाही’ वाचतच नाहीत. काहींना नकारार्थी वाक्याशी ‘असहमत’ होणं गोंधळाचं वाटतं. या सवयी सगळ्या नकारार्थी विधानांना एकत्र बांधतात, आणि तो धागा संगणकाला घटकासारखाच दिसतो.

शंका तपासायचे मार्ग आहेत. एडवर्ड कार्माइन्स आणि रिचर्ड झेलर यांनी १९७९ मध्ये एक सरळ कसोटी वापरली. दोन घटक खरोखर दोन गुण असतील, तर बाहेरच्या गोष्टींशी त्यांचे संबंध वेगळे असायला हवेत. त्यांनी दोन्हींचे संबंध अनेक बाहेरच्या मापांशी ताडून पाहिले, आणि ते जवळजवळ सारखेच निघाले. निष्कर्ष असा की दुसरा घटक बहुधा विधानांच्या मांडणीतून आला. २००३ मध्ये एलेन ग्रीनबर्गर आणि सहकाऱ्यांनी आणखी थेट प्रयोग केला. त्यांनी मूळ प्रश्नावलीबरोबर तिच्या दोन आवृत्त्या वापरल्या, एक पूर्ण होकारार्थी आणि एक पूर्ण नकारार्थी. मूळ मिश्र आवृत्तीला दोन घटक जास्त चांगले जुळले. एकाच धाटणीच्या आवृत्त्यांना एक घटक पुरला.

दुसरी बाजूही आहे. टिमोथी ओवेन्स यांनी १९९० च्या दशकात असं मांडलं की किशोरांच्या अडचणी समजून घेताना स्वतःला कमी लेखणं वेगळं मोजणं उपयोगी ठरतं. हा वाद आकड्यांच्या एका तक्त्यावर मिटणारा नाही, त्याला बाहेरचा पुरावाच लागतो. घटक विश्लेषण दोन गट दाखवू शकतं, पण त्या गटांना अर्थ आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही.

अनुवाद झाला की

प्रश्नावली एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेली की हा पेच वाढतो. डेव्हिड श्मिट आणि युरी अलिक यांनी २००५ मध्ये ५३ देशांतल्या सुमारे १७,००० लोकांची रोझेनबर्ग प्रश्नावलीची उत्तरं प्रसिद्ध केली. बहुतेक ठिकाणी एका घटकाचं चित्र दिसलं, पण नकारार्थी विधानं सगळ्या देशांत सारखी समजली जात नाहीत, असंही त्यांना आढळलं. आपल्याला स्वतःविषयी अधिक आदर वाटावा अशी इच्छा व्यक्त करणारं विधान मूळ प्रश्नावलीत कमी आत्मसन्मानाची खूण आहे. चिनी भाषेतल्या अनुवादांत ते अडचणीचं ठरलं, कारण अशी इच्छा तिथे सुधारणेची चांगली ओढ म्हणूनही वाचली जाते.

मराठीत प्रश्नावली आणणाऱ्यालाही हेच पाहावं लागेल. ‘अभिमान वाटावा असं माझ्यात काही नाही’ अशा वाक्यापुढे ‘असहमत’वर खूण करायची, म्हणजे नकाराचा नकार करायचा. बोलताना मात्र कोणी असं म्हटलं, तर आपण ‘नाही, तसं नाही’ म्हणून विरोध करतो आणि ‘हो ना, नाहीच’ म्हणून सहमतही होतो. म्हणून छापण्याआधी काही लोकांसमोर बसून त्यांना विधान मोठ्याने वाचायला सांगावं आणि त्यांनी तेच उत्तर का दिलं, ते विचारावं. मराठी माहितीत दोन घटक आले म्हणून ‘मराठी माणसाचा आत्मसन्मान दोन प्रकारचा असतो’ असं लिहिण्याआधी ही तपासणी झालेली असली पाहिजे.

शोधनिबंधात काय शोधावं

नव्या प्रश्नावलीवरचा निबंध समोर आला, तर पद्धतीच्या परिच्छेदात चार उत्तरं शोधा. घटकांची संख्या कशावरून ठरवली? फक्त ‘१ पेक्षा मोठी’ एवढंच लिहिलं असेल, तर ती संख्या कच्ची समजावी. दुसरी संख्या वापरून पाहिली का, आणि ती का सोडली? रोटेशन काटकोनी होतं की तिरपं, आणि तिरपं असेल तर घटकांमधला सहसंबंध छापला आहे का? शेवटी, जी रचना सापडली ती वेगळ्याच लोकांवर पुन्हा तपासली का? ज्या माहितीतून रचना शोधली तिच्यावरच ती ‘सिद्ध’ करून दाखवणं हा पुरावा नाही. नमुना मोठा असेल तर तो आधीच दोन भागांत वाटावा, एका भागात रचना शोधावी आणि दुसऱ्या भागात तपासावी.

याचा अभ्यासकांइतकाच सामान्य माणसाशी संबंध आहे. अशा प्रश्नावल्यांचे गुण शाळेतल्या समुपदेशकाच्या फाइलमध्ये जातात, दवाखान्यात जातात, नोकरीच्या निवडीतही वापरले जातात. एखाद्या मुलीला एक गुण द्यायचा की दोन, आणि तिच्या ‘स्वतःला कमी लेखण्याच्या’ गुणावरून काळजी करायची की नाही, हे कोणीतरी केव्हातरी या दोन निर्णयांतून ठरवलेलं असतं. संगणक सहसंबंध मोजतो, अक्ष फिरवतो. घटक किती आणि त्यांचं नाव काय, हे माणूस ठरवतो. ज्याने ठरवलं त्याने कारण लिहायलाच हवं, आणि जिथे ते लिहिलेलं नाही, त्या प्रश्नावलीचे गुण कोणाच्याही फाइलमध्ये जाऊ नयेत.